‘नमस्कार’नंतर काय? अमराठी प्रौढांना उत्तर द्यायला आणि चहा विचारायला शिकवताना

मराठी शिकवण्याच्या बहुतेक वर्गांत पहिला धडा ‘माझे नाव अमुक आहे, मी तमुक गावी राहतो’ असा असतो. वाक्यं सोपी असतात, पण लिफ्टमध्ये भेटलेले शेजारचे काका कोणाला नाव-गाव विचारत नाहीत. ते म्हणतात, “नमस्कार, काय म्हणताय?” शिकणारा “मी ठीक आहे” म्हणतो, मग दोघंही आकड्यांकडे बघत आपापल्या मजल्याची वाट पाहतात. पुढचं एकच वाक्य हाताशी असतं तर ओळख पुढे सरकली असती. ‘चहा घेणार का?’ किंवा ‘पिशवी धरू का?’ एवढंसुद्धा पुरलं असतं.

हा लेख त्या एका वाक्याबद्दल आहे. सोसायटीत, कंपनीत किंवा रुग्णालयात मराठीचे वर्ग घेणाऱ्यांना डोळ्यांसमोर ठेवून तो लिहिला आहे. वर्गात आठ-दहा प्रौढ आहेत, बहुतेकांना हिंदी येतं, मराठी मुळीच येत नाही किंवा जेमतेम कळतं, आणि हाताशी तासभर आहे, असं धरू. तासाच्या शेवटी त्यांना हा संवाद दोन्ही बाजूंनी करता आला पाहिजे:

— नमस्कार काका, काय म्हणताय?
— मजेत. तुम्ही?
— मी पण मजेत. चहा घेणार का?
— नको, आत्ताच झाला.
— अर्धा कप घ्या ना.
— बरं, चालेल.

आधी वाक्यं नीट निवडा

अर्धं काम वर्गात जाण्याआधीच होतं. मराठीत नवख्या माणसाची जीभ दोन ठिकाणी अडते, लिंगात आणि तू-तुम्हीत. ‘कसे आहात?’ हे पुरुषाला, ‘कशा आहात?’ हे बाईला. उत्तरात पुन्हा ‘मी बरा आहे’, ‘मी बरी आहे’. ‘चहा घेतोस का’, ‘घेतेस का’, ‘घेता का’ यातलं कुठलं कोणाला, हे ठरवेपर्यंत लिफ्ट थांबलेली असते. म्हणून पहिल्या तासाला ही वाक्यं मी आणतच नाही. ऐकली तर कळावीत एवढंच पाहतो.

त्यांच्याऐवजी, बोलणाऱ्याच्या किंवा ऐकणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे जी बदलत नाहीत अशी वाक्यं घ्यायची. ‘मजेत’ आणि ‘ठीक’ कोणीही म्हणावं. ‘तुम्ही?’ एवढंच विचारलं की कसे-कशाचा प्रश्न मिटतो. ‘चहा घेणार का?’ हे वाक्य काकांना, काकूंना आणि वर्गमित्राला जसंच्या तसं चालतं. ‘पिशवी धरू का?’ हे बोलणारा पुरुष असो वा स्त्री, समोर आजी असो वा शाळकरी मुलगा, बदलत नाही. शिकणाऱ्याला यातलं व्याकरण सांगू नका. त्याला फक्त एवढं कळावं की ही वाक्यं कुणाहीपुढे बिनधास्त वापरता येतात.

मग आदर कुठे दाखवायचा? संबोधनात. काका, काकू, आजी, मावशी, दादा, ताई हे शब्द पहिल्याच तासाला द्या, कारण ‘काकू, पिशवी धरू का?’ यात आदराचं सगळं काम ‘काकू’ करतो. हिंदी पट्ट्यातून आलेल्यांच्या तोंडी ‘आंटी’ आणि ‘भैया’ बसलेले असतात. ‘आंटी’ बऱ्याच घरांत खपून जातं. ‘भैया’च्या जागी ‘दादा’ची सवय मात्र लगेच लावा.

पहिली दहा मिनिटं फक्त ऐकणं

फळा नको, वही नको. आधी संवाद कानावर पडू द्या. शक्य असेल तर कोणा ओळखीच्या माणसाला सोबत घेऊन फोनवर संवाद ध्वनिमुद्रित करा. एकाच माणसाने दोन आवाज काढले की वर्ग हसतो आणि ऐकणं राहून जातं. बोलण्याचा वेग नेहमीचा ठेवा. सावकाश तोडून बोललेलं ‘का-य म्ह-ण-ता-य’ बाहेर कोणी बोलत नाही, त्यामुळे ते कळून उपयोग नाही.

पहिल्यांदा ऐकवल्यावर एकच प्रश्न विचारा, तोही हिंदीत चालेल: चहा शेवटी घेतला की नाही? वर्गातले निम्मे लोक ‘नाही’ म्हणतील, कारण त्यांनी ‘नको’ पकडलेलं असतं. पुन्हा ऐकवा. मग कोणीतरी ‘चालेल’ पकडतं. या ‘नको’कडे शेवटी परत यायचं आहे, तेव्हा आत्ता त्याचं स्पष्टीकरण देत बसू नका.

उच्चारातली एकच गोष्ट इथे उचलावी. ‘चहा’तला च हिंदी ‘चाय’सारखा आहे, ‘चालेल’मधला नाही. तिथे जिभेचं टोक वरच्या दातांच्या मागे लागतं आणि त्स-च्या जवळचा आवाज येतो. दोन्ही शब्द पाठोपाठ म्हणून दाखवा आणि तीन-चार वेळा म्हणवून घ्या. तेवढं पुरे. चुकीच्या ‘च’ने कोणाचा चहा अडत नाही.

उत्तर: प्रश्नाला नव्हे, माणसाला

अभिवादनाच्या उत्तरात शिकणाऱ्यांची चूक बहुतेकदा एकच असते. ते प्रश्न खरा मानतात. ‘काय म्हणताय?’ला ‘मी काही म्हटलं नाही’ असं प्रामाणिक उत्तर येतं. ‘कुठे निघालात?’ला सगळा पत्ता येतो किंवा चौकशी का करताय म्हणून कपाळाला आठी पडते. ‘जेवलात का?’ हे तर आमंत्रणच वाटतं. दुपारी भेटलेला माणूस ‘जेवण झालं का?’ म्हणतो, तेव्हा तो बहुतेक वेळा नुसती विचारपूस करत असतो. ‘हो, झालं. तुमचं?’ एवढीच त्याची अपेक्षा असते.

म्हणून तीन जोड्या द्या, जास्त नकोत. ‘काय म्हणताय?’ला ‘मजेत. तुम्ही?’ ‘जेवण झालं का?’ला ‘हो, झालं. तुमचं?’ ‘कुठे निघालात?’ला ‘इथेच, जरा बाजारात.’ खरं तर पासपोर्टच्या कामाला निघालेला असला तरी हे उत्तर चालतं.

अभिवादनाच्या शब्दाचा नियम आणखी सोपा आहे: समोरून जे येईल तेच परत. गावाकडच्या माणसाने ‘राम राम’ म्हटलं तर ‘राम राम’. वारकऱ्याच्या ‘रामकृष्ण हरी’ला ‘रामकृष्ण हरी’. ‘जय भीम’ला ‘जय भीम’. प्रत्येकामागे एक परंपरा आहे, पण ती समजावायला हा तास नव्हे. परत दिलेला शब्द आपुलकीने घेतला जातो, हे सांगितलं की पुरतं.

सराव गोलात करा. पहिल्याने शेजाऱ्याला विचारायचं, शेजाऱ्याने उत्तर देऊन पुढच्याला वेगळा प्रश्न विचारायचा. एका फेरीनंतर क्रम मोडा. रुमालाचा गोळा करा, तो ज्याच्याकडे फेकला जाईल त्याने उत्तर द्यायचं. गोलात प्रत्येकाला आपली पाळी कधी येणार ते माहीत असतं आणि तो वाक्य मनात घोकत बसतो. लिफ्टमध्ये घोकायला वेळ मिळत नाही.

पहिली विचारणा: ‘घेणार का?’

आता वाक्य पुढे न्यायचं. ‘चहा घेणार का?’ म्हणून घ्या आणि ‘चहा’च्या जागी पाणी, सरबत, पोहे, बिस्किट घालत जा. हिंदीतून येणारे ‘चहा पिणार?’ म्हणतात. ते कळतं आणि बोललंही जातं, पण पाहुण्याला विचारताना ‘घेणार’ शोभतं. ‘चाय चाहिए?’वरून आलेलं ‘चहा पाहिजे का?’ सुरावर अवलंबून आहे. घाईत म्हटलं तर उपाहारगृहातल्या पोऱ्याने विचारल्यासारखं वाटतं. त्यामुळे एकच रूप पक्कं करा.

इथे सगळ्यात मोठा खड्डा आहे तो ‘का’चा. हिंदीत ‘क्या आप चाय लेंगे?’ असं प्रश्नाचं चिन्ह वाक्याच्या सुरुवातीला येतं. मराठीतला हा ‘का’ शेवटी बसतो, आणि पुढे सरकला की त्याचा अर्थ ‘कशासाठी’ असा होतो. लखनौहून आलेल्या एका अभियंत्याने सासुरवाडीत पहिल्याच दिवशी उठून, मोठ्या उत्साहाने सासूबाईंना विचारलं, “आई, चहा का करू?” त्याला विचारायचं होतं ‘चहा करू का?’ सासूबाईंना ऐकू आलं, ‘मी कशाला चहा करू?’ त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, “नको करूस, मी करते.” तो दिवसभर समजत राहिला की त्याने विचारल्यामुळे त्या खूश झाल्या.

वर्गात हे नियम म्हणून न सांगता कानाने ओळखायला लावा. तुम्ही ‘चहा करू का?’ आणि ‘चहा का करू?’ आलटून पालटून म्हणा. पहिलं ऐकलं की वर्गाने हात पुढे करायचा, दुसरं ऐकलं की हाताची घडी घालायची. दोन मिनिटांत घड्या बरोबर पडायला लागतात. शेवटच्या ‘का’वर आवाज किंचित वर जातो, हेही याच वेळी लक्षात येतं. बोलण्यात पुष्कळदा हा ‘का’ गळतो आणि नुसतं ‘चहा घेणार?’ उरतं. अडखळणाऱ्याला तेवढंच म्हणू द्या. ‘का’ चुकीच्या जागी बसवण्यापेक्षा तो गाळलेला बरा.

दुसरी विचारणा: ‘करू का?’

चहा दर वेळी हाताशी नसतो. जिन्यात, फाटकापाशी, कामाच्या ठिकाणी विचारणा होते ती मदतीची, आणि तिथे ‘धरू का’, ‘आणू का’, ‘सोडू का’ लागतं. शब्द करायची रीत सोपी आहे. लहान मुलाला ज्या शब्दाने हुकूम देतो तो घ्यायचा आणि त्याला ‘ऊ’ लावायचा. धर, धरू. आण, आणू. उघड, उघडू. थांब, थांबू. ‘दे’ आणि ‘घे’ यांचं देऊ, घेऊ होतं. हिंदी येणाऱ्यांना ‘पकडूँ?’, ‘लाऊँ?’ची आठवण करून दिली की ते पटकन पकडतात, कारण घडण जवळजवळ तीच आहे.

टेबलावर वस्तू मांडा: दोन जड पिशव्या, पाण्याची बाटली, खुर्ची. खोलीत दार आणि पंखा असतातच. तुम्ही अडचणीत असल्याचं नाटक करायचं, एक शब्दही न बोलता. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन बंद दारापाशी उभे राहा. वर्गातून ‘दार उघडू का?’ आलं पाहिजे. घाम पुसा, ‘पंखा लावू का?’ खोका, ‘पाणी आणू का?’ पहिल्या वेळी बरेच जण ‘पंखा चालू करू का?’ म्हणतील. तेही बरोबर आहे, अडवू नका. ‘चहा टाकू का?’ मात्र मुद्दाम शिकवा. चहा ‘टाकतात’ हे ऐकून हिंदी भाषकांचे चेहरे बघण्यासारखे होतात, आणि म्हणूनच ते वाक्य विसरलं जात नाही.

इंग्रजीत विचार करणारे इथे ‘मी तुम्हाला मदत करू शकतो का?’ असं लांबलचक वाक्य आणतात. त्यात चूक काढता येत नाही, पण ते ग्राहकसेवेच्या फोनवरचं वाक्य आहे. ‘करू शकतो’ आलं की पुन्हा ‘शकतो-शकते’चा लिंगभेद मागे लागतो, हे वेगळंच. ‘काही मदत करू का?’ एवढ्यावर आणा. त्याहून चांगलं म्हणजे नेमकं काम. ‘मदत करू का?’ला ‘नको नको’ येतं, ‘पिशवी धरू का?’ म्हटलं की पिशवी हातात येते.

एक इशारा मात्र द्या. ‘येऊ का?’ हे या साच्यात बसतं, पण निरोप घेताना पाहुणा हेच म्हणतो. ‘बरं, येऊ का?’ म्हणजे तो निघाला आहे. मराठीत घरातून निघताना ‘जातो’ म्हणणं टाळतात, म्हणून ‘येतो’, ‘येऊ का’.

‘आपण’ की ‘आम्ही’

‘चला, आपण चहा घेऊ या’ ही तिसरी विचारणा. तासात वेळ उरला तरच घ्या, पण घेतली तर नीट घ्या. हिंदीतल्या ‘हम’मध्ये ऐकणारा आहे की नाही हे ठरलेलं नसतं. मराठीत ते ठरवावं लागतं. ‘आपण’ म्हणजे तुमच्यासकट, ‘आम्ही’ म्हणजे तुम्हाला सोडून. शिकणारा ‘हम’चं सरळ ‘आम्ही’ करतो आणि सहकाऱ्याच्या टेबलापाशी जाऊन प्रेमाने सांगतो, “आम्ही चहाला जातोय.” सहकारी “बरं, जा” म्हणतो. दोघांनाही थोडं वाईट वाटतं आणि चुकलं काय ते कळत नाही.

वर्गात कोण आहे ते बघून समजवा. गुजराती बोलणाऱ्याला ‘आपणे’ आणि ‘अमे’ हा फरक घरचाच आहे. तेलुगूत ‘मनम’ आणि ‘मेमु’ आहेत, तमिळ आणि मल्याळममध्येही अशी जोडी आहे. या लोकांना नुसती आठवण द्यायची. हिंदी आणि बंगाली भाषकांसाठी हाताची खूण करा. ‘आपण’ म्हणताना हाताने समोरच्याला आपल्यात ओढा, ‘आम्ही’ म्हणताना हात आपल्या छातीशी आणि आपल्या बाजूच्या माणसाकडे. बोलतानाही त्यांनी ती खूण करावी. हात बरोबर गेला की शब्दही बरोबर येतो. ‘आपण’ हे आदराने ‘तुम्ही’च्या जागीही वापरतात, पण ते इथे काढू नका. नाहीतर आत्ता कुठे बसलेलं पुन्हा विस्कटेल.

‘नको’चं काय करायचं

विचारणा शिकवली आणि उत्तर शिकवलं नाही, तर शिकणारा पहिल्या ‘नको’पाशीच थांबतो. मराठी घरांत पहिला ‘नको’ पुष्कळदा रीत म्हणून येतो. पाहुण्याने लगेच ‘हो, आणा’ म्हणणं त्याला स्वतःलाच हावरेपणाचं वाटतं. म्हणून एकदा आग्रह करायचा: ‘अर्धा कप घ्या ना’, ‘थोडा तरी’. आग्रहाचं वाक्य लहान असावं आणि त्यात प्रमाण कमी केलेलं असावं. एकदाच करावा. दुसऱ्या ‘नको’नंतर ‘बरं’ म्हणून गप्प बसणं हेही शिकवा, कारण उत्साही विद्यार्थी एकदा ‘घ्या ना’ शिकला की समोरच्याला मधुमेह असला तरी सोडत नाही.

खरा ‘नको’ ओळखायच्या खुणा आहेत. त्याच्यासोबत कारण ठोस असतं, जसं ‘नको, मी चहा सोडलाय’, ‘नको, उपास आहे’. उपासाला पुष्कळ घरांत चहा चालतो, त्यामुळे एकदा विचारायला हरकत नाही. ‘आत्ताच झाला’ हे मधलं आहे, तिथे अर्ध्या कपाला जागा असते. आणि ‘कशाला उगाच?’, ‘कशाला त्रास?’ हा तर जवळजवळ होकार आहे. शिकणाऱ्याला मात्र तो प्रश्न वाटतो. केरळच्या एका परिचारिकेने तो खराच प्रश्न समजून रुग्णाच्या आईला सविस्तर कारण दिलं होतं: तुम्ही थकला आहात, म्हणून. त्या माउलीला ते इतकं आवडलं की इथे चूक म्हणायची तरी कशाला, पण वर्गात उत्तर द्यावं ते ‘त्रास कसला? बसा, आणते.’

मदतीच्या विचारणेला नकार वेगळ्या शब्दांत येतो: ‘असू द्या’, ‘राहू द्या’. पिशवीच्या बाबतीत पहिल्या ‘असू द्या’ला हात पुढे करून ‘द्या हो’ म्हणता येतं. पण बाईच्या हातातली पिशवी अनोळखी पुरुषाने दुसऱ्यांदा मागू नये, हे वर्गात स्पष्ट सांगा.

सरावासाठी जोड्या करा आणि प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, जी दुसऱ्याने पाहायची नाही. एकीवर लिहिलेलं: ‘तुम्हाला चहा हवा आहे, पण आधी नको म्हणा.’ दुसरीवर: ‘तुम्हाला खरंच नको आहे.’ समोरच्याने दोन-तीन वाक्यांत ओळखायचं. तासातला हा भाग सगळ्यात रंगतो, म्हणून यासाठी निदान पंधरा मिनिटं राखून ठेवा.

चूक कधी सुधारायची

संवाद चालू असताना मध्ये बोलू नका. ‘चहा घेणार है का?’ आलं तर तुम्ही समोरच्या पात्राच्या तोंडून बरोबर वाक्य परत द्या: ‘चहा? घेणार का म्हणताय? हो, घेईन की.’ बहुतेक जण पुढच्या वेळी आपोआप सुधारतात. फक्त ज्या चुकीने अर्थ उलटतो तिथे थांबा, म्हणजे पुढे सरकलेला ‘का’ आणि ‘आम्ही’. बाकीचं सोडून द्या. ‘धन्यवाद’ जरा कमी करायला सांगा. कप हातात देणाऱ्याला प्रत्येक वेळी ‘धन्यवाद’ म्हटलं की शेजारी अवघडतो, ‘वा, छान झालाय’ म्हटलं की खुलतो.

आलं की नाही हे वर्गात कळत नाही. पुढच्या आठवड्यात तास सुरू होण्यापूर्वी बाहेर उभे राहा, आणि येणाऱ्याला चपला काढता काढता ‘काय म्हणताय?’ विचारा. हातात मुद्दाम काहीतरी जड ठेवा. ‘मजेत’ लगेच आलं पण नजर पिशवीकडे गेलीच नाही, तर संवाद पाठ झाला आहे, अजून बोलता येत नाही. त्याच्यासोबत वस्तूंचा खेळ पुन्हा खेळा. जो आधी पिशवीला हात घालतो आणि मग शब्द शोधतो, त्याचं बरंचसं काम झालेलं आहे. त्याला पुढच्या तासाला ‘तू’ची रूपं द्यायला हरकत नाही.